लोणच्या-पापडाला हात लावण्याआधी

बायांनो, खानापूरच्या पावसात घरचं लोणचं कसं बुरशी धरतं, ते तुम्हाला मी काय सांगू? पण घरची बरणी खराब झाली तर आपण गुपचूप ओतून टाकतो, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येत नाही.

गेल्या वर्षी माझ्याच हातून चूक झाली. कैऱ्या धुतल्या, पुसल्या, पण घाईत ओलसर राहिल्या. आठवड्यात वर पांढरी साय! पाच किलो माल गेला. म्हणून आता कैरी धुवून, पुसून, पंख्याखाली पंच्यावर पसरायची. फोड बोटाला कोरडी लागली की मगच मसाला. बरणी उन्हात तापवलेली, चमचा कोरडा, तेल फोडींच्या वर बोटभर.

पापड लाटताना डोक्याला रुमाल, नखं कापलेली, बांगड्या काढून. (सासूबाई रागावल्या तर माझ्याकडे पाठवा.) हाताला जखम असेल तिनं त्या दिवशी फक्त वजन-हिशेब बघायचा. वाळवण रस्त्याकडेला नको, गच्चीवर, वर जाळी टाकून. पाकिटावर तारीख आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर पाहिजेच.

चला, आधी साबणानं हात धुवा. सुमनताई, तुझी अंगठी राहिली बघ.