पाठ निरीक्षण अहवाल : इयत्ता सहावी, गणित, घटक : शतमान

शाळा : करवीर तालुक्यातील उच्च प्राथमिक शाळा, जि. कोल्हापूर
दिनांक व वेळ : बुधवार, १० डिसेंबर २०२५, तिसरी तासिका, ३५ मिनिटे
पट ३६, उपस्थित ३२
निरीक्षक : केंद्रप्रमुख
श्रेणी : ४ म्हणजे इतरांनी येऊन बघावे असे, ३ म्हणजे चांगले, २ म्हणजे सुधारणा हवी, १ म्हणजे लगेच मदत हवी

नियोजन : श्रेणी ३

टाचण आदल्या दिवशी लिहिलेले आहे आणि ते बाईंचे स्वतःचे आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार टाचणातले शब्द त्यात कुठे दिसले नाहीत. उद्दिष्ट एकच ठेवले आहे आणि ते मोजता येते : ‘दिलेला अपूर्णांक शेकडेवारीत लिहितो व दोन शेकडेवारींची तुलना करतो.’ वेळेची वाटणी प्रस्तावना ५, विवेचन १२, सराव १२, तपासणी ६ मिनिटे अशी आहे.

उणीव दोन ठिकाणी आहे. पहिली, ‘मुले कुठे चुकतील’ याची नोंद टाचणात नाही. ३/५ चे ३५ टक्के करणे, म्हणजे अंश आणि छेद शेजारी-शेजारी ठेवून देणे, ही या घटकातली नेहमीची चूक आहे. तिच्यासाठी एक ओळ हवी होती. दुसरी, उदाहरणांचा क्रम. ७/२०, ३/५, ९/५० आणि १३/२५ या चारही उदाहरणांत छेदाला गुणून १०० करता येतात. पाचवे ३/८. आठाला कोणत्याही पूर्ण संख्येने गुणले तरी १०० येत नाहीत. चार उदाहरणे एका वाटेने नेऊन पाचव्याला ती वाट अचानक बंद होते, आणि तिथे काय करायचे हे टाचणात लिहिलेले नाही. पुढे वर्गात जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

सादरीकरण : श्रेणी ३

सुरुवात उत्तम. फळ्यावर दोन चाचण्यांचे गुण लिहिले : २५ पैकी १८ आणि २० पैकी १५. ‘कुणाचा पेपर चांगला गेला?’ बहुतेकांनी १८ म्हटले. बाईंनी चूक-बरोबर काहीच न सांगता दोन्ही पेपर १०० गुणांचे करायला लावले. ७२ आणि ७५ आल्यावर वर्गात कुजबुज झाली. शेकडेवारी कशासाठी लागते हे व्याख्येआधीच मुलांच्या लक्षात आले.

त्यानंतर उसाच्या उताऱ्याचे उदाहरण घेतले. एक टन उसातून १२० किलो साखर, तर १०० किलोतून किती? गळीत हंगाम सुरू आहे, निम्म्या घरांतून ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे ‘उतारा बारा’ हा शब्दप्रयोग मुलांना नवा नव्हता. त्याचा अर्थ आज कळला. फळ्याची डावी बाजू रीतीसाठी आणि उजवी सरावासाठी राखली होती, डावी बाजू शेवटपर्यंत पुसली नाही. हे अनेक वर्गांत होत नाही.

साधारण सतराव्या मिनिटाला एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आमच्या म्हशीला साडेसहा फॅट लागतंय, ते पण टक्केच का?’ बाई म्हणाल्या, ‘ते नंतर बघू.’ वेळेचा ताण समजू शकतो, पण या तासिकेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. १०० ग्रॅम दुधात साडेसहा ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे ६.५ टक्के. दूध संस्थेची पावती मुलांच्या घरात रोज येते. शेकडेवारी दशांश अपूर्णांकातही असू शकते हे त्या पावतीवरून दोन मिनिटांत पोचले असते, आणि पुढे ३/८ चे ३७.५ आल्यावर मुले दचकली नसती.

३/८ ला बाईंनी ‘इथे सरळ १०० ने गुणा’ असे सांगितले. उत्तर बरोबर आले, पण आधीच्या रीतीशी सांधा जुळला नाही. ‘१०० चे आठ सारखे भाग केले तर एक भाग साडेबाराचा, असे तीन भाग’ एवढे फळ्यावर काढले असते तर पुरे होते. विवेचन १२ ऐवजी १८ मिनिटे चालले, ती ६ मिनिटे शेवटच्या तपासणीतून गेली आणि तपासणी झालीच नाही.

विद्यार्थी सहभाग : श्रेणी २

आसनव्यवस्थेचा कच्चा आराखडा काढून कोणी उत्तर दिले त्याच्या बाकावर खूण केली. एकूण २३ प्रश्न विचारले गेले. १५ प्रश्नांना सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले. उरलेले ८ पाच मुलांनी घेतले आणि ती पाचही पुढच्या दोन रांगांतली. मागच्या तीन रांगांत एकही खूण नाही. प्रश्न विचारल्यावर सरासरी एका सेकंदात बाई उत्तर घेतात किंवा स्वतः देतात. ‘कळलं नव्हं?’ हा प्रश्न सहा वेळा आला आणि सहाही वेळा ‘होऽ बाई’ असे उत्तर आले. त्या ‘हो’मधून कुणाला कळले नाही ते समजत नाही.

कामात गुंतलेली मुले मोजली : आठव्या मिनिटाला २९, विसाव्याला १८, तिसाव्याला २४. विसाव्या मिनिटाची घसरण लांबलेल्या विवेचनाची आहे, वह्या काढल्यावर वर्ग सावरला. शिस्तीची तक्रार नाही. मागची मुले शांतपणे फळा उतरवत होती, आणि ते लांबून अभ्यासासारखेच दिसते.

तासिकेनंतर सर्व ३२ वह्या पाहिल्या. ७/२० : २७ बरोबर. ३/५ : २५ बरोबर, चौघांनी ३५ टक्के, तिघांची जागा कोरी. ३/८ : ९ बरोबर, ११ कोरी, १२ चूक. चुकलेल्यांपैकी पाच जणांनी ३८ टक्के लिहिले आहे. ही ३/५ चीच चूक.

चर्चा व पुढील काम

बाईंशी मधल्या सुट्टीत चर्चा झाली. सराव कमी पडला हे त्यांनी आपणहून सांगितले. मागच्या रांगांचा आराखडा पाहिल्यावर त्यांनी दोन नावे लगेच ओळखली : ‘ही दोघं तोंडी सांगतात, लिहायला कचरतात.’ ही माहिती टाचणात यायला हवी.

एका वेळी तीन-चार सूचना दिल्या की एकही अमलात येत नाही, म्हणून पुढच्या पंधरवड्यासाठी एकच ठरली : सरावाच्या प्रत्येक उदाहरणाला सर्व मुलांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचे. सांगितल्यावर मनात तीनपर्यंत मोजून मगच ‘वर’ म्हणायचे. पाट्या शाळेत आहेत, पहिलीच्या वर्गातून २० मिळतील, उरलेल्यांनी वहीचे मागचे पान वापरावे. पाटीवर ३५ दिसले की त्या मुलाला चूक न म्हणता ‘शंभरपैकी पस्तीस म्हणजे निम्म्याहून कमी, मग पाचपैकी तीन निम्म्याहून कमी का?’ असे विचारावे.

३/८ गुरुवारी पुन्हा घ्यावे, सुरुवात दुधाच्या पावतीने. ज्याने प्रश्न विचारला त्यालाच पावती आणायला सांगावे.

पुढील निरीक्षण सोमवार, २२ डिसेंबर, घटक नफा-तोटा. त्या दिवशी फक्त सहभाग पाहिला जाईल. मागच्या तीन रांगांत किमान सहा खुणा अपेक्षित.

प्रत : विषयशिक्षिका, मुख्याध्यापक, पाठ निरीक्षण नोंदवही