गुरुत्वाकर्षणाचा सामना: इयत्ता दहावी, विज्ञान, उजळणीच्या स्लाइड

स्लाइड १
गुरुत्वाकर्षणाचा सामना
चार गट: मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी
फेऱ्या ४. पुस्तकं दप्तरात, दप्तरं बाकाखाली.

स्लाइड २: नियम
गटाने आपसात ठरवून एकानेच बोलायचं. पहिलं बोललेलं उत्तर धरलं जाईल. चुकलं तर प्रश्न पुढच्या गटाकडे, निम्म्या गुणांना. एककाशिवाय उत्तर अर्धंच.

*घेणाऱ्यासाठी:* उत्तराचा पिवळा चौकोन पहिल्या क्लिकवर उघडतो, दुसऱ्या क्लिकवर पुढची स्लाइड. घाईत दोनदा दाबलं की उत्तर न दिसताच पुढे जातं, तेव्हा रिमोट मुलांच्या हाती नको. गुण फळ्यावर खडूनेच लिहा.

स्लाइड ३: फेरी पहिली, झटपट. प्रत्येकी १० गुण

मासुंदा: G चं एस.आय. एकक?
▸ N m²/kg²

उपवन: g सर्वांत जास्त कुठे, ध्रुवांवर की विषुववृत्तावर?
▸ ध्रुवांवर, सुमारे ९.८३ m/s². विषुववृत्तावर ९.७८.

कचराळी: वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राच्या दिशेने असणारं बल?
▸ अभिकेंद्री बल

रायलादेवी: पृथ्वीच्या केंद्राशी g किती?
▸ शून्य

स्लाइड ४: फेरी दुसरी, तक्ता

| केप्लर | मुक्त पतन | खाडी |
|---|---|---|
| २० | २० | २० |
| ४० | ४० | ४० |

गटाने चौकोन निवडायचा. उघडलेला चौकोन राखाडी होतो.

केप्लर २०: ग्रह सूर्याजवळ आला की त्याचा वेग वाढतो. हे कोणत्या नियमातून कळतं?
▸ दुसऱ्या. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापते.

केप्लर ४०: एका ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या ४ पट आहे. त्याचं एक वर्ष आपल्या किती वर्षांचं?
▸ T² ∝ r³. ४³ = ६४, म्हणून T = ८ वर्षं.

मुक्त पतन २०: २० मीटर उंचीवरून दगड सोडला. जमिनीवर किती सेकंदांत? (g = १० m/s² घ्या)
▸ s = ½gt², म्हणून t = २ सेकंद

मुक्त पतन ४०: १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. काय झालं, आणि तसं वर्गात का होत नाही?
▸ दोन्ही एकाच वेळी पडले. इथे हवेचा अवरोध पिसाला अडवतो.

खाडी २०: उधाणाची भरती कोणत्या तिथींच्या आसपास, आणि का?
▸ अमावस्या आणि पौर्णिमा. सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात.

खाडी ४०: ठाण्याच्या खाडीत आज सकाळी ११ ला पूर्ण भरती. तीच भरती उद्या सुमारे किती वाजता? कारण सांगा.
▸ ११.५० च्या सुमारास. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो.

*घेणाऱ्यासाठी:* चेंदणी कोळीवाड्यातली मुलं वेळ चटकन सांगतील. गुण मात्र कारणाचेच.

स्लाइड ११: फेरी तिसरी, खरं की खोटं? ३० गुण, कारणासकट

*घेणाऱ्यासाठी:* सामना खरा इथेच आहे. सूत्रं सगळ्यांची पाठ असतात. वस्तुमान आणि वजन यांची गल्लत मात्र अर्धा वर्ग करतो. या फेरीत वाद झाला तर होऊ द्या, दुसरी फेरी आवरती घेतली तरी चालेल.

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून माणसं तरंगतात.
▸ खोटं. सुमारे ४०० किमी उंचीवर g जवळपास ८.७ m/s² असतं. स्थानक आणि माणसं दोन्ही सतत मुक्त पतनात असतात.

दोन्ही वस्तुमानं दुप्पट केली आणि अंतरही दुप्पट केलं, तर बल तेवढंच राहतं.
▸ खरं. F = Gm₁m₂/r². वर ४ पट, खाली ४ पट.

६० किलोच्या माणसाचं वस्तुमान चंद्रावर १० किलो होतं.
▸ खोटं. वस्तुमान ६० किलोच. वजन ५८८ N वरून सुमारे ९८ N होतं.

जांभळी नाक्यावर दोन पारड्यांच्या तराजूत १ किलोच्या मापाशी जुळलेले बटाटे चंद्रावरही त्याच मापाशी जुळतील.
▸ खरं. दोन्ही पारड्यांवरचं बल सारखंच घटतं. स्प्रिंगचा काटा मात्र सुमारे एक षष्ठांशच दाखवेल.

*घेणाऱ्यासाठी:* "मग तराजू काय मोजतो?" हा प्रश्न मुलांकडून आला, तर त्या गटाला ५ गुण जादा. आपण सुचवू नका.

स्लाइड १५: शेवटची फेरी, डाव
प्रत्येक गटाने कमावलेल्या गुणांतून डाव लावायचा. चिठ्ठीवर आधी आकडा, मगच प्रश्न दिसेल. बरोबर आलं तर तेवढे वाढतील, नाहीतर वजा.

स्लाइड १६
चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वेग आणि त्वरण किती?
▸ वेग शून्य. त्वरण ९.८ m/s², खालच्या दिशेने.

*घेणाऱ्यासाठी:* "दोन्ही शून्य" लिहिणाऱ्यांना विचारा: त्वरणही शून्य असेल, तर चेंडू खाली का येतो?

स्लाइड १७: बरोबरी झाली तरच
पृथ्वीवरचा मुक्तिवेग ११.२ किमी प्रति सेकंद. ताशी किती? कागद-पेन नाही. सर्वांत जवळचा आकडा जिंकेल.
▸ ४०,३२० किमी