मेथी-दही हेअर पॅक आणि बेसन-दही फेस पॅक | केस व त्वचेची घरगुती निगा, अचूक प्रमाणासह

थंबनेलवरचा मजकूर
मेथी केसात अडकते? आधी गाळून घ्या!

वर्णन
कोरड्या, राठ केसांसाठी मेथी-दही हेअर पॅक आणि चेहऱ्यासाठी बेसन-दही फेस पॅक, दोन्ही घरच्या घरी कसे बनवायचे ते या व्हिडिओत पूर्ण प्रमाणासह दाखवलं आहे. भिजलेल्या मेथीचा बुळबुळीत गर केसांवर पातळ थर धरतो, म्हणून धुतल्यावर केस मऊ लागतात आणि गुंता सोडवणं सोपं जातं. या पॅकचं काम इतकंच. केस गळती, कोंडा, पिंपल्स किंवा काळे डाग यांवर हा उपचार नाही.

हेअर पॅक (खांद्यापर्यंतच्या केसांसाठी): मेथीदाणे २ टेबलस्पून, पाणी १ कप, ताजं दही ३ टेबलस्पून. मेथी ८ तास भिजवा. त्याच पाण्यात अगदी बारीक वाटून पातळ कापडातून गाळा. हे गाळणं टाळू नका, भरड कण केसांत अडकले की दोन-तीनदा धुऊनही निघत नाहीत. गाळलेल्या गरात दही फेटून घ्या आणि केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा. २० मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुवा, मग सौम्य शाम्पू. पॅक वाळू दिला तर तो कडक होतो आणि धुताना केस ओढले जाऊन तुटतात. त्यामुळे वरून शॉवर कॅप घाला. उरलेला पॅक दुसऱ्या दिवशी वापरू नका.

फेस पॅक: बेसन १ टेबलस्पून, दही १ टेबलस्पून. १० मिनिटं, ओलसर असतानाच धुवा. वाळलेलं बेसन चोळून काढलं की त्वचा लाल होते.

पॅच टेस्ट: दोन्ही पॅक कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून धुवा, २४ तास थांबा. खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नका. शेंगदाणे, हरभरा किंवा मेथीची ॲलर्जी असेल तर मेथी आणि बेसन दोन्ही टाळा, कारण या सगळ्या शेंगवर्गीय वनस्पती आहेत. दुधाची ॲलर्जी असल्यास दही नको. जखम, सोललेली त्वचा किंवा फोड यांवर काहीही लावू नका.

0:00 आज काय बनवणार
0:35 पॅच टेस्ट
1:20 मेथी भिजवणं, वाटणं, गाळणं
3:45 केसांना लावणं आणि धुणं
6:10 बेसन-दही फेस पॅक
8:05 नेहमी होणाऱ्या चुका

#मेथीहेअरपॅक #बेसनफेसपॅक #केसांचीनिगा

टॅग
मेथी दही हेअर पॅक, मेथी हेअर मास्क मराठी, कोरड्या केसांची काळजी, राठ केस मऊ, घरगुती हेअर पॅक, बेसन दही फेस पॅक, घरगुती फेस पॅक मराठी, त्वचेची निगा, पॅच टेस्ट कशी करावी

पिन केलेली कमेंट
"यात लिंबू घालू का?" असं बरेच जण विचारतात. चेहऱ्यासाठी तर मुळीच नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर पोळल्यासारखे फोड आणि नंतर गडद डाग येऊ शकतात. आणि केस अचानक पुंजक्याने जात असतील किंवा टाळूवर गोल चट्टे दिसत असतील, तर पॅक बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुमचे केस कुरळे आहेत की सरळ, आणि पॅक धुताना काय अडलं, ते खाली लिहा. त्याप्रमाणे दह्याचं प्रमाण सांगतो.