ताईंच्या कॅलेंडरवरच्या नोंदींवरून केलेला पाळीचा तक्ता (3 मार्च 2025 ते 12 जानेवारी 2026)

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना (वय 44, दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली) या गुरुवारी तुमच्याकडे घेऊन येत आहे. मागच्या वेळी दुसरीकडे दाखवलं, तेव्हा "पाळी कधी येते, किती दिवस जातं?" या प्रश्नावर त्या "कसंही येतं" एवढंच बोलल्या आणि गप्प बसल्या. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दहा महिन्यांच्या नोंदी आहेत. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. दोन संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून, प्रत्येक खूण विचारून हा तक्ता केला आहे. कॅलेंडरची पानंही सोबत आणते, म्हणजे माझं कुठे चुकलं असेल तर तुम्हाला मूळ पाहता येईल.

कॅलेंडरवर जसं आहे तसं

मार्च 2025: 3 ला गोल. 7 न्हाले. 8 बंद. 31 ला गोल.
एप्रिल: 2 जास्त. 4 न्हाले. 7 बंद. 25 ला गोल. 27 गाठी. 28 जास्त. 29 न्हाले.
मे: 4 बंद. 12 डाग. 13 डाग. 30 ला गोल.
जून: 3 न्हाले. 6 बंद. 14 ला गोल, खाली "सिलिं."
जुलै: 5 अंगावर. 6 अंगावर. 16 ला गोल. 18 जास्त. 19 जास्त, गाठी, 8. 20 जास्त. न्हाले 20. बंद 28.
ऑगस्ट: 8 ते 20 वर आडवी रेघ, "माहेरी". 24 गोळी.
सप्टेंबर: 2 गोळी संपली. 5 ला गोल. 6 जास्त. 7 जास्त. 15 बंद. 27 ला गोल.
ऑक्टोबर: 4 बंद. 18 डाग. 19 डाग. 20 पॅड 1.
नोव्हेंबर: 20 ला गोल. 22 गाठी, 9, चादर धुतली. 23 गाठी, जास्त. 24 जास्त.
डिसेंबर: 4 बंद. 14 डाग.
जानेवारी 2026: 2 ला गोल. 4 जास्त. 5 जास्त. 13 बंद.

दुधाचे खाडे, भिशीचे हप्ते आणि उपवास वगळले आहेत. कॅलेंडर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून ताईंनी "पाळी" हा शब्द कुठेही लिहिलेला नाही.

खुणांचे अर्थ

"न्हाले" म्हणजे रक्त थांबलं, असं मी पहिल्या वाचनात धरलं होतं. ते साफ चुकीचं होतं. आमच्या घरी पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करायची रीत आहे, रक्त जात असो वा नसो. न्हाण्याच्या तारखा धरल्या असत्या, तर प्रत्येक पाळी पाच दिवसांची दिसली असती आणि सगळं ठीक वाटलं असतं. मोजायची तारीख "बंद"ची आहे. "बंद" हा पहिला कोरडा दिवस, म्हणून रक्ताचा शेवटचा दिवस त्याच्या आदल्या दिवशी धरला.

14 जूनचा गोल गॅसच्या सिलिंडरचा आहे. 5 आणि 6 जुलैचं "अंगावर" म्हणजे पांढरं जाणं. आमच्याकडे लाल-पांढऱ्या दोन्हीला हाच शब्द वापरतात, म्हणून मुद्दाम विचारलं. रक्त नव्हतं, वासही नव्हता, म्हणून तक्त्यात घेतलं नाही.

नुसते आकडे (8, 9) म्हणजे त्या दिवशी बदललेली पॅड. "डाग" म्हणजे पॅड घ्यावं लागलं नाही. पॅड लागलं तो दिवस रक्तस्रावाचा, हा नियम सगळीकडे लावला, आणि चक्र पॅडच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पॅडच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजलं. डागांपासून नाही.

तक्ता

| क्र. | पहिला दिवस | शेवटचा दिवस | रक्ताचे दिवस | पुढच्या पाळीपर्यंत | प्रवाह कसा | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| 1 | 3 मार्च | 7 मार्च | 5 | 28 | पाचही दिवस साधा | |
| 2 | 31 मार्च | 6 एप्रिल | 7 | 25 | 2 साधे, 1 जास्त, 4 साधे | |
| 3 | 25 एप्रिल | 3 मे | 9 | 35 | 2 साधे, 2 जास्त, 5 साधे | 27 ला गाठी. मध्ये 12 व 13 मे डाग |
| 4 | 30 मे | 5 जून | 7 | 47 | सातही दिवस साधा | |
| 5 | 16 जुलै | 27 जुलै | 12 | (51) | 2 साधे, 3 जास्त, 7 साधे | 19 ला गाठी, 8 पॅड |
| 6 | 5 सप्टेंबर | 14 सप्टेंबर | 10 | (22) | 1 साधा, 2 जास्त, 7 साधे | गोळी थांबवल्यावर आलेलं |
| 7 | 27 सप्टेंबर | 3 ऑक्टोबर | 7 | 54? | सातही दिवस साधा | 18 व 19 ऑक्टोबर डाग, 20 ला एक पॅड |
| 8 | 20 नोव्हेंबर | 3 डिसेंबर | 14 | 43 | 2 साधे, 3 जास्त, 6 साधे, 3 अगदी थोडे | 22 ला 9 पॅड, गाठी, रात्री चादर भिजली. 14 डिसेंबर डाग |
| 9 | 2 जानेवारी | 12 जानेवारी | 11 | चालू | 2 साधे, 2 जास्त, 7 साधे | |

कंसातल्या आणि प्रश्नचिन्हाच्या जागा

5 आणि 6: गौरी-गणपती घरी असल्यामुळे ताईंनी पाळी लांबवायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी (5 मिग्रॅ, दिवसातून तीन) 24 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर घेतली, मेडिकलमधून, कुणालाही न विचारता. तिसऱ्या दिवशी जे आलं ते गोळी सुटल्यामुळे आलेलं रक्त आहे. त्याच्या आधीचे 51 दिवस आणि नंतरचे 22 दिवस हे दोन्ही आकडे ताईंच्या शरीराचे म्हणता येणार नाहीत, म्हणून कंसात घातले आणि पुढच्या हिशेबात धरले नाहीत. शिवाय 8 ते 20 ऑगस्ट त्या माहेरी होत्या, आई आजारी होती, तिथे काही लिहिलं नाही. "तिकडे एखाद्या दिवशी गेलं असेल, आठवत नाही," असं म्हणतात. मी अंदाजाने काही भरलेलं नाही.

7: 20 ऑक्टोबरला एकच पॅड, तेही अर्धवट भिजलेलं. माझ्या नियमाने तो रक्तस्रावाचा दिवस होतो. त्याला पाळी मानलं, तर 54 ऐवजी 23 आणि 31 अशी दोन चक्रं होतात, आणि दोन्ही जवळजवळ नेहमीसारखी दिसतात. एका दिवसाच्या रक्ताला पाळी म्हणायला माझं मन घेत नाही, म्हणून 54 लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. हे तुम्हीच ठरवावं.

3: 12 मेचे डाग पाळी म्हणून धरले असते, तर "सतराव्या दिवशीच पाळी" असा भलताच अर्थ निघाला असता. ते दोन पाळ्यांच्या मधले डाग आहेत.

8: 14 डिसेंबरच्या डागाबद्दल विचारलं तेव्हा ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "ते संबंधानंतर." यापूर्वीही दोनदा झालंय म्हणतात, तारखा लिहिलेल्या नाहीत. मॅडम, हे त्या स्वतःहून तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून इथे लिहिते. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी त्यांची आजवर कधीच झालेली नाही.

तक्त्यातून मला दिसलं ते

फिगोच्या 2018 च्या मोजपट्टीत चक्र 24 ते 38 दिवसांचं, रक्त 8 दिवसांपर्यंत, आणि 42 ते 45 वयात सगळ्यांत लहान व सगळ्यांत मोठ्या चक्रातला फरक 9 दिवसांपर्यंत हे नेहमीचं धरलं आहे. ताईंची निःशंक चक्रं पाच: 28, 25, 35, 47, 43. फरक 22 दिवसांचा. 54 धरलं तर 29 चा. नऊपैकी पाच वेळा रक्त 8 दिवसांच्या पुढे गेलं (त्यातली एक वेळ गोळीनंतरची).

घरातले सगळे अंतराबद्दल बोलतात: "पाळी जायचं वय झालं, लांबणारच." अंतर लांबणं या वयात होतं, हे मलाही मान्य आहे. पण रक्ताच्या दिवसांचा रकाना वरून खाली वाचला की 5, 7, 9, 7 नंतर 12, 10, 7, 14, 11 असे आकडे येतात. जितका उशीर, तितकं जास्त दिवस आणि गाठींसह. 47 दिवसांनी आलं ते 12 दिवस गेलं, 54 दिवसांनी आलं ते 14 दिवस. 316 दिवसांपैकी 83 दिवस त्यांना पॅड लागलं, म्हणजे चार दिवसांतला एक दिवस. 10 जानेवारीचं हिमोग्लोबिन 8.9 आहे. जिना चढताना धाप लागते. लोहाच्या गोळ्या पोटात जळजळ होते म्हणून मध्येच सोडल्या होत्या, आता रात्री जेवणानंतर परत सुरू केल्या आहेत.

रक्त किती गेलं याचा गुणांक मी काढलेला नाही. पॅडची संख्या तीनच दिवसांची आहे, ती किती भिजली होती ते लिहिलेलं नाही, आणि रात्री ताई सुती कापडाच्या घड्या घेतात. 22 नोव्हेंबरला दर तासाला पॅड बदलावं लागलं का, असं विचारलं. "दुपारी दोन वेळा तासाभरात भरलं, मग कमी झालं," असं उत्तर मिळालं. त्या दिवशी त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, चादर धुतली आणि सगळ्यांचा स्वयंपाक केला.

पुढच्या पाळीपासून फेब्रुवारीच्या पानावर रोज असं लिहायचं ठरवलं आहे: थोडंच भिजलेलं पॅड 1, मध्यम भिजलेलं 5, पूर्ण भिजलेलं 20, लहान गाठ 1, मोठी गाठ 5. एका पाळीची बेरीज 100 किंवा जास्त झाली, तर 80 मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं असं धरतात. त्यासाठी त्या दिवसांत कापड न घेता फक्त पॅड वापरायला ताई तयार झाल्या आहेत. पॅड मी आणून ठेवली आहेत.

तुम्हाला विचारायचं आहे ते

शस्त्रक्रिया झालेली असली तरी लघवीची गर्भाची तपासणी करून घ्यावी का? सोनोग्राफी, थायरॉईड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणं, यांतलं आधी काय? ताईंचं वजन 78 किलो आहे, उंची 152 सेंमी, वय पंचेचाळीशीच्या काठावर, म्हणून अस्तराबद्दल मुद्दाम विचारते. तोंडाची तपासणी त्याच दिवशी होईल का?

आणखी एक. पाहुण्यारावळ्यांत दोघीतिघींनी ताईंना "पिशवी काढून टाक, मोकळी होशील" असं सांगितलं आहे आणि त्या तयारीत आहेत. तपासण्यांआधी त्यांनी तो निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. मी घरातली, माझं त्यांना तितकं पटत नाही.

तपासताना मी बाहेर थांबले तर ताई कदाचित जास्त मोकळेपणाने बोलतील. तुम्ही सांगाल तसं करेन.

आपली,
ताईंची धाकटी जाऊ
18 जानेवारी 2026