बुडाशी धर

तिसऱ्या वर्षाला ओरल सर्जरीची पोस्टिंग लागली आणि पहिल्या चार दिवसांत माझ्या बॅचमधल्या पाचजणांनी दात काढले. मी चारही दिवस केसपेपर लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे, हे त्याचं सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं की पेशंट खुर्चीत बसला की मला आठवायचं, बाथरूमला जायचंय.

पाचव्या दिवशी पीजीच्या सरांनी केसपेपर माझ्या हातातून काढून घेतला, वाचला आणि परत माझ्याच हातात दिला. "ही तुझी. हलती दाढ आहे, पाच मिनिटांचं काम. मी शेजारच्या खुर्चीवर आहे."

हलती दाढ म्हणजे बदनापूरकडची एक आजी. हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. सोबत नातू होता, तो मोबाईलमध्ये बघत भिंतीला टेकला होता. खाली डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आमच्या भाषेत 36. वरून नुसती कड उरलेली, आतून पूर्ण पोकळ.

मी विचारत गेले, लिहीत गेले. वय? आधार कार्डावर 1 जानेवारी 1949. आमच्या ओपीडीत निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो.

"75 पुरी झाली ना माय, आता यष्टी फुकट," आजी म्हणाली. "म्हणून तं आले. न्हाई तं एका दातापायी तिकीट कोण काढतंय?"

"तंबाखू खाता?"

"न्हाई."

"मिश्री?"

"मिश्री लावते की. ती काय खायची असती का?"

शुगर नाही. जेवून आलीय, भाकर खाल्ली, उजव्या अंगानं. बीपी 140/86. तेवढ्यात मला वाटून गेलं की बीपी थोडं जास्त निघालं असतं तर बरं झालं असतं, 'आधी फिजिशियनला दाखवून या' म्हणता आलं असतं. असा विचार येणाऱ्या मुलीनं डॉक्टर व्हावं का, हा प्रश्न मी तेव्हा रात्रीसाठी राखून ठेवला.

ट्रे लावला. सिरिंजमध्ये लिग्नोकेन भरलं, 2 टक्के, अ‍ॅड्रेनालिनवालं. खालच्या दाढेला भूल द्यायची तर नस जबड्याच्या हाडात शिरते तिथवर सुई न्यावी लागते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्यानं हाडाची खाच चाचपायची, गालाच्या आतली घडी बघायची आणि सिरिंज पलीकडच्या बाजूच्या प्रिमोलरवर, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढांवर टेकवून आत शिरायचं. हॉस्टेलच्या आरशासमोर तोंड वासून मी स्वतःच्या तोंडात हे पन्नास वेळा शोधलं होतं.

आजीनं तोंड उघडलं. पलीकडे प्रिमोलर नव्हतेच. तिथं गुळगुळीत हिरडी होती, पावसानं धुतलेल्या ओट्यासारखी.

पुस्तकातली खूणच गायब. माझा हात हवेतच थांबला आणि सुईचं टोक हलायला लागलं. हात थरथरतो म्हणतात तसं नाही, शिलाई मशीनच्या सुईसारखं. मला ते दिसत होतं. आजीलाही दिसत होतं, कारण ते तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर चाललं होतं.

आजीनं तोंड मिटलं आणि माझं मनगट धरलं. जोरात नाही, वासराचं धरावं तसं.

"हात कामून कापायलाय तुझा? पहिलाच हाय का?"

पहिला आहे असं पेशंटला कधी सांगायचं नसतं, हे सीनिअर पहिल्याच दिवशी बजावतात. मी म्हणाले, "नाही आजी, आतापर्यंत बरेच काढलेत."

आजीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. चार पोरी वाढवलेली बाई. मी मान खाली घातली. "हो. पहिलाच."

"मग झालं तं. माझाबी पहिलाच हाय. बाकीचे आपसूक पडले, काढून घ्यायची पाळी हीच." तिनं मनगट सोडलं नाही. "तू बी भेलीस, मी बी भेले. दोघीतून एकीनं तरी बळ करावं लागंल. मी बसलेली हाय, तू हुभी हाईस. तूच कर."

सर वळून बघत होते. बहुतेक सगळं ऐकलं असावं. ते एवढंच म्हणाले, "प्रिमोलर नाहीत ना? मग असते तर जिथं असते, तिथं ठेव."

ठेवलं. सुई आत गेली, हाडाला टेकली, थोडी मागे घेतली. दट्ट्या ओढून बघितला, रक्त आलं नाही. मग हळूहळू सोडलं. हात कधी थांबला ते कळलं नाही. आजीनं डोळे मिटून घेतले होते, पण माझ्या अ‍ॅप्रनची कड तिच्या मुठीत होती.

भूल चढेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत डॉक्टरनं काय करायचं ते पुस्तकात नाही. मी ट्रेमधली हत्यारं सारखी करत राहिले. आजी बोलत राहिली. घरची अडीच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. पऱ्हाटी आता निम्मी उपटून झालीय, निम्मी राहिलीय, ती लेक आणि सून उपटायलीत.

"बोंडअळी आली का औंदा?" मी विचारलं. परभणीकडं आमचंही शेत आहे. मी त्यात राबलेले नाही, पण बोलायला येतं.

"आली की. बोंड वरून असं टपोरं, आन् फोडलं का आत किडकं." ती क्षणभर थांबली. जिभेनं दाढ चाचपली. "हिच्यावाणीच."

थोड्या वेळानं ती गालावर टिचक्या मारायला लागली. "माय, व्हट गेला कुठं?"

डाव्या बाजूचा ओठ बधिर झाला, म्हणजे सुई नेमकी जागेवर पोचली होती. मला नाचावंसं वाटलं. प्रोबनं हिरडी टोचून बघितली, तिला काही कळलं नाही. दुखलं तर डावा हात वर करा, असं सांगितलं. हिरडी सोडवली आणि फोर्सेप उचलला.

खालच्या दाढेच्या फोर्सेपच्या दोन्ही चोचींना टोक असतं. दाढेची दोन मुळं जिथं फाकतात त्या बेचक्यात ते टोक बसतं. दाढ धरली. डाव्या हातानं जबडा सावरला. आणि मग मी तेच केलं जे करू नये म्हणून तीन वर्षं शिकवतात. ओढली.

दाढ आली नाही. आजीचं डोकं आलं. खुर्चीच्या उशीवरून चांगलं दोन बोटं वर उचललं गेलं. पुन्हा ओढली. फोर्सेप निसटला, दाढेच्या कडेचा एक टवका उडून आजीच्या जिभेवर पडला.

आजीनं डावा हात वर केला.

माझ्या पोटात गोळा आला. फोर्सेप बाहेर काढला. "दुखलं आजी? अजून भूल देऊ? सरांना बोलावते."

"दुखत न्हाई काई." जड ओठातून शब्द वाकडे येत होते. तिनं टवका बोटानं काढून रुमालावर ठेवला. "वढायलीस कामून? कधी पऱ्हाटी उपटली न्हाईस?"

"नाही."

"शेंड्याला धरून वढली तं मोडून हातात येती. बूड ऱ्हातंय मातीत, मग बस कुदळ घेऊन." तिनं दोन्ही मुठी एकावर एक ठेवल्या, हवेतच. "बुडाशी धर. अजून खाली. आधी दाब. मग इकडं हालव, तिकडं हालव. माती सोडती. माती सुटली का उपटायचं काई ऱ्हात न्हाई, ती आपसूक येती. हाताचे फोड फुटले तव्हा मला कळलंय, तुला फुकट सांगायले."

आधी मुळाच्या दिशेनं दाब, मग गालाच्या बाजूला, मग जिभेच्या बाजूला, हाड हळूहळू पसरू द्यायचं. हे मी पेपरात पाच मार्कांना आकृतीसकट लिहिलं होतं. लिहिताना कुठं माती दिसली नव्हती.

फोर्सेप पुन्हा लावला. हिरडीच्या खाली, आणखी खाली, चोचीचं टोक बेचक्यात बसल्याचं हाताला कळेपर्यंत. दाबला. गालाकडे झुकवला आणि तिथं थांबले. जिभेकडे. थांबले. पुन्हा गालाकडे. पहिल्यांदा काहीच नाही. मग आतून एक करकर आली, ऐकू येण्याआधी ती मनगटाला जाणवली. आजीनं भुवया उडवल्या, बघ म्हणाल्यासारख्या. या बाजूला, त्या बाजूला. दाढ आता फोर्सेपमध्ये सैल पडत होती, आणि एका झोक्यात ती गालाच्या बाजूनं वर आली. मी ओढली नव्हती.

दोन्ही मुळं सलग. टोकाला वाटाण्याएवढी लाल गाठ चिकटलेली. मी ट्यूबलाईटकडे धरून बघत उभी राहिले. सर म्हणाले, "सॉकेट दाब आधी, आरती नंतर ओवाळ."

दोन्ही बाजूंनी दाबलं, गॉजची घडी ठेवली, दात मिटवले. एवढा वेळ बोलणारी आजी गप्प झाली, आणि आता मी सुटले. पंचेचाळीस मिनिटं हे दाबून धरायचं. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, आलेली थुंकी गिळायची. गरम काही नाही, थंड खायचं, आइस्क्रीमसुद्धा चालेल. मिश्री बंद. गोळी जेवल्यावर. ओठ दोन-तीन तास जड राहील, चावू नका. एका दमात सगळं सांगितलं. ती मान हलवत होती.

मग तिनं हात पुढे केला. दाढ मागत होती. मी गॉजवर ठेवून दिली. तिनं ती वळवून वळवून बघितली. एक मूळ, दुसरं मूळ. शेंड्यापर्यंत शाबूत आहेत का, बोटानं तपासलं. तपासून परत माझ्या हातात दिली आणि तोंडाकडे बोट करून हवेत काहीतरी खुडायला लागली. दोन्ही हातांनी, भराभर, खुडायचं आणि कमरेशी टाकायचं.

"पाणी पाहिजे?" नाही. "दुखतंय?" नाही. पुन्हा तेच खुडणं.

नातवानं मोबाईलवरून डोकं वर काढलं. "म्हणायलीय, जिंदगीभर कापूस येचला, आन् आता तोंडात बी कापूसच."

आजीचे खांदे हसून हलायला लागले. हसता हसता तिच्या तोंडात थुंकी साचली असावी, कारण ती सवयीनं बेसिनकडे वळली आणि पुढे वाकली.

"आजी! थुंकायचं नाही सांगितलं ना!"

आवाज एवढा मोठा निघाला की चारही खुर्च्यांवरचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. आजीनं घोट गिळला आणि निमूट सरळ बसली.