आबांच्या निरोपाचं मनोगत

व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, पालक, गाडी नंबर तीनची आजची आणि जुनी मुलं, आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेले आमचे आबा.

आबा, शेजारी काकू आहेत म्हणून तुम्ही आज पळून जाऊ शकत नाही. दर शिक्षकदिनाला सत्काराची वेळ झाली की तुम्हाला नेमकी गाडीची हवा बघायची असते, हे आम्हाला ठाऊक आहे. आज हवा मी बघून आले. चारही चाकांत भरपूर आहे.

गेली चौदा वर्षं मी शाळेच्या परिवहन समितीचं काम बघते. म्हणजे काय, तर सकाळी पावणेसातला पालकांचे फोन घेते. "बाई, गाडी गेली का?" हा पहिला फोन, आणि "बाई, गाडी अजून का नाही आली?" हा दुसरा. गाडी एकच असते आणि स्टॉपही एकच. इतर गाड्यांच्या तक्रारींनी माझी वही भरली आहे. तीन नंबरच्या पानावर मात्र एकच कायमची तक्रार आहे. आबा हॉर्न एकदाच वाजवतात. दुसऱ्यांदा वाजवा असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बाई, दुसरा वाजवला की पोरं पहिल्याला उठत न्हाईत." तक्रार अजून तशीच उघडी आहे. आता ती मी बंद करते.

आबा २००१च्या जूनमध्ये शाळेत आले. क्षेत्र माहुली, कृष्णानगर, बॉम्बे रेस्टॉरंट चौक, गोडोली, पोवई नाका आणि मग शाळा, हा त्यांचा रस्ता. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवेना. कोरोनाचा काळ वगळूनही फेऱ्या दहा हजारांच्या आसपास जातात. आकडा आबांना सांगितला, तर त्यांनी विचारलं, "त्यात सहली धरल्या का?" नाही धरल्या, आबा.

पण मला आज फेऱ्यांबद्दल बोलायचं नाही, एका डबीबद्दल बोलायचं आहे. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक पत्र्याची डबी असते. तिच्यात चिंचोके आहेत, हे गाडीतल्या सगळ्या मुलांना माहीत आहे. मूल चढलं की एक चिंचोका डबीत पडतो, उतरलं की एक बाहेर येतो. शेवटच्या स्टॉपनंतर डबी रिकामी झाली पाहिजे. ती रिकामी झाली तरी आबा गाडी बंद करून उठतात, मागच्या सीटपर्यंत चालत जातात आणि येताना प्रत्येक बाकाखाली वाकून बघतात. रोज.

हे कुठून सुरू झालं, ते आबांनी कुणालाच सांगितलेलं नाही. मी सांगू का? काल त्यांची परवानगी मागितली. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सांगा. झालं ते झालंच हुतं."

२००९ची गोष्ट. तेव्हा गाडीत मदतीला मावशी नसायच्या. सीनिअर केजीतला एक मुलगा दप्तरांच्या ढिगामागे झोपला. गोडोलीच्या स्टॉपवर मुलांचा गोंधळ चालू होता, त्यात तो उतरला नाही हे आबांच्या लक्षात आलं नाही. गाडी आवारात लावून ते निघाले, तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. आबांनी त्या मुलाला स्वतःशेजारी बसवलं आणि अख्खी रिकामी गाडी परत गोडोलीला नेली. आई रस्त्यावर उभी राहून रडत होती. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी हाय, ताई." ढिगाऱ्याचं, गर्दीचं, कशाचंच कारण पुढे केलं नाही. मग शाळेत येऊन मुख्याध्यापकांनाही स्वतःच सांगितलं. त्या माउलीने तक्रार केलीच नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला पुन्हा तीन नंबरमध्येच बसवलं, आणि त्या दिवशी डबी आली.

पुढे २०११ साली राज्य सरकारने स्कूलबससाठी नियमावली आणली. शाळाशाळांत समित्या झाल्या, मुलींसाठी गाडीत बाई हवी असं ठरलं, आणि मी नवी कोरी फाईल घेऊन आबांना नियम समजवायला गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग मला गाडीत नेऊन डबी दाखवली. फाईल मी बंद केली. प्रशिक्षण नेमकं कोण कुणाला देणार होतं, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरचं काम चाललं होतं, ते दिवस आठवतात? सकाळचा रस्ता संध्याकाळी बंद. तेव्हा आबा रात्री जेवून स्कूटर काढायचे आणि उद्याचा रस्ता स्वतः फिरून बघायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांना नाक्यावर दुसरं घर हाय का काय!" पेट्रोलचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नाही.

आणि २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाली, गाड्या आवारात उभ्या राहिल्या आणि चालकांचे पगार निम्म्यावर आले. हे समारंभात बोलायचं नसतं, पण न बोलता निरोप दिला तर तो खोटा होईल. त्या काळात आबांनी हातगाडीवर भाजी विकली. कृष्णानगरात त्यांनी "मेथीऽऽ" म्हटलं की वरच्या मजल्यावरून ऑनलाइन तास सोडून पोरं खिडकीत यायची. एका दुसरीतल्या मुलीने तर दप्तर पाठीला लावून खाली धाव घेतली होती. तिला वाटलं, शाळा सुरू झाली! आणि दर आठ दिवसांनी हेच आबा आवारात येऊन गाडी चालू करून ठेवायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. निम्म्या पगारात.

मुलांनी मला चिठ्ठ्या दिल्या आहेत, सगळ्या वाचत नाही. चौथीतल्या एकीने लिहिलंय, "आबा रागावतात पण त्यांचा राग स्पीडब्रेकरसारखा आहे, लगेच जातो." आणि एकाने फक्त विचारलंय, "नवीन काकांना माझा स्टॉप कोण सांगणार?" बाळा, आबा गेले पंधरा दिवस त्यांना शेजारी बसवून तेच सांगत आहेत. कोण कुठे चढतं, कुणाला गाडी लागते, कुणाला खिडकी द्यायची आणि कोणत्या दोघांना शेजारी बसवायचं नाही.

काकू, रोज पहाटे साडेचारला उठून तुम्ही डबा दिलात. त्या डब्यातली अर्धी भाकरी आमच्या मुलांनी खाल्ली आहे. आमच्याकडून हे कंदी पेढे घ्या. हिशेब फिटत नाही, हे माहीत आहे.

आबा, आज दुपारची फेरी तुमचीच. चिंचोके मोजून घ्या, त्रेचाळीस आहेत. डबी रिकामी झाली, गाडी आवारात लागली, की नेहमीसारखे मागच्या सीटपर्यंत जाऊन या. घाई करू नका आणि बाकाखाली नीट वाकून बघा. मुलांनी तिथे काहीतरी विसरून ठेवलंय. मुद्दाम.