रविवारच्या वाचनवर्गाची हजेरी: सामायिक तक्ता भरणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

साखळी, होंडा, वाळपई आणि मये या चार केंद्रांची हजेरी एकाच गुगल शीटमध्ये जाते. प्रत्येक केंद्राचा स्वतःचा टॅब आहे. पाचवा टॅब ‘गोषवारा’. त्यात कुणीच काही भरायचे नाही, तो आपोआप भरतो. शनिवारी पोदेराला किती पाव सांगायचे ते गोषवाऱ्यावरून ठरते आणि सत्राच्या शेवटी 75 टक्के हजेरी असलेल्या मुलांना पुस्तक द्यायचे तेही त्यावरूनच. आकडा चुकला तर एक तर पाव कमी पडतात, नाहीतर एखाद्या मुलाचे पुस्तक जाते.

आधी टॅब नीट बघा

पांढरे सेल तुमचे. पिवळे सेल फॉर्म्युल्याचे, त्यांना हात लावायचा नाही. एवढे पाळले तरी निम्मे काम झाले.

A रकान्यात मुलाचा क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये इयत्ता, D मध्ये वर्गात आल्याची तारीख. E पासून P पर्यंत बारा रविवार. त्यांच्या तारखा चौथ्या ओळीत आधीच घातलेल्या आहेत, त्या बदलू नका. Q मध्ये एकूण हजर दिवस, R मध्ये टक्के, हे दोन्ही पिवळे. S मध्ये शेरा, तो पांढरा. मुलांच्या ओळी 5 ते 39. ओळ 40 पिवळी आहे, तिथे त्या रविवारची एकूण हजेरी येते.

दर रविवारी करायचे ते

1. वर्गात हजेरी कागदी वहीतच घ्या. होंडा-वाळपईकडे पावसात नेट येते-जाते. नेट नसताना फोनवर भरलेले नंतर भलत्या वेळी चढते आणि मध्ये कुणी काही दुरुस्त केले असेल तर त्यावर बसते. वही भिजली तरी वाचता येते.

2. घरी किंवा नेट चांगले असेल तिथे, तुम्हाला ज्या जीमेलवर लिंक पाठवली आहे त्याच जीमेलने शीट उघडा. वर कोपऱ्यात Anonymous आणि पुढे एखाद्या प्राण्याचे नाव दिसले, तर कुणीतरी लॉगिन न करता आत आले आहे. तो प्राणी तुम्हीच असाल तर बाहेर या आणि लॉगिन करून परत आत जा. कुणी काय भरले ते शोधायची वेळ आली तर नाव दिसायला हवे.

3. खालच्या पट्टीवर आपल्या केंद्राचा टॅब निवडा. मग वरची तारीख बघा. शेजारच्या रविवारच्या रकान्यात भरणे ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर तारखेची ओळ वर सरकून जाते.

4. तिसऱ्या ओळीत त्या तारखेच्या वर ‘झाला’ किंवा ‘झाला नाही’ निवडा.

5. प्रत्येक मुलापुढे यादीतून एक निवडा: ह, गै किंवा र. टाइप करू नका, यादीतूनच निवडा. नावापेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवा. एकाच आडनावाची, कधी एकाच नावाचीही दोन मुले आपल्या बहुतेक केंद्रांवर आहेत.

6. शेवटी ओळ 40 मधला आकडा वहीतल्या बेरजेशी जुळवा. जुळला की बंद करा. नाही जुळला तर पिवळ्या सेलमध्ये बरोबर आकडा लिहू नका. चूक वर कुठल्यातरी पांढऱ्या सेलमध्ये आहे, ती शोधा.

हे सगळे रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. एका केंद्राची हजेरी एकाच माणसाने भरावी. दोघे मिळून भरत असाल तर आधी फोनवर ठरवून घ्या.

वेळ वाचवायचा असेल तर कॉम्प्युटरवर पहिल्या मुलापुढे ‘ह’ निवडून तो सेल खाली ओढा आणि मग गैरहजर मुलांचे बदला. हे चालते, पण शेवटच्या नावापाशी थांबा. रिकाम्या ओळींत ‘ह’ गेला तर नसलेली मुले हजर होतात आणि ओळ 40 पर्यंत ओढलात तर बेरीज पुसून जाते.

रिकामा सेल आणि ‘गै’ यांत फरक आहे

इथे बहुतेक जण गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर. टक्के असे निघतात:

```
Q5:  =COUNTIF(E5:P5,"ह")
R5:  =IF(COUNTA(E5:P5)=0,"",Q5/COUNTA(E5:P5))
E40: =COUNTIF(E5:E39,"ह")
```

COUNTIF फक्त ‘ह’ मोजतो. COUNTA मात्र जे काही भरलेले आहे ते सगळे मोजतो. म्हणजे ‘गै’ आणि ‘र’ दोन्ही भागाकारात खाली जातात, रिकामा सेल जात नाही.

म्हणून पावसाने किंवा चवथीच्या सुट्टीत वर्ग झाला नसेल, तर तिसऱ्या ओळीत ‘झाला नाही’ निवडून तो रकाना पूर्ण रिकामा ठेवा. सगळ्यांना ‘गै’ लावलेत तर एका पावसाची शिक्षा पूर्ण वर्गाला होते.

नवीन मुलाचेही तसेच. समजा एक मुलगी पाचव्या रविवारी आली आणि तेव्हापासूनचे आठही रविवार हजर राहिली. तिच्या आधीच्या चार रविवारांचे सेल रिकामे असतील तर तिची हजेरी 8 पैकी 8, म्हणजे 100 टक्के. ‘सगळे कसे भरलेले दिसावे’ म्हणून कुणी तिथे ‘गै’ भरला की 12 पैकी 8, म्हणजे 67 टक्के. एकही वर्ग न चुकवता तिचे पुस्तक गेले. शीट कुठेही लाल होत नाही, काही कुरकुर करत नाही.

‘र’ म्हणजे घरून कळवून घेतलेली रजा. तिनेही टक्के कमी होतात. ‘र’ फक्त एवढ्यासाठी आहे की ताईंनी त्या घरी चौकशीचा फोन करू नये.

आणखी एक: सेल पुसताना स्पेसबार मारू नका, Delete दाबा. स्पेस दिसत नाही, पण COUNTA ती मोजतो. तसेच ‘ह’च्या पुढे स्पेस पडली तर COUNTIF त्याला ‘ह’ मानत नाही. 12 पैकी 9 रविवार आलेला मुलगा बरोबर 75 टक्क्यांवर असतो, एका स्पेसने तो 67 वर येतो. यादीतून निवडा म्हणतो ते यासाठी.

या गोष्टी करू नका

ओळ घालू नका, ओळ काढू नका. नवीन मूल आले की खाली क्रमांक घातलेली पहिली रिकामी ओळ घ्या. मूल सोडून गेले तर नाव तसेच ठेवा, S मध्ये ‘सोडले’ आणि तारीख लिहा, पुढचे सेल रिकामे ठेवा. याचे कारण गोषवाऱ्यात आहे. तिथला फॉर्म्युला असा:

```
=INDIRECT("'"&A3&"'!E40")
```

तो टॅबचे नाव वाचतो आणि त्या टॅबवरचा E40 उचलतो. तुम्ही मध्ये एक ओळ घातलीत की बेरीज E41 वर सरकते, पण गोषवारा E40 कडेच बघत बसतो. तिथे आता शेवटच्या मुलाचा सेल आलेला असतो, बहुधा रिकामा. त्या केंद्राचे पाव मागवलेच जात नाहीत. टॅबचे नाव बदलले, ‘होंडा’चे ‘होंडा केंद्र’ केले, तर #REF! येते. ते निदान दिसते तरी.

कट करून पेस्ट करू नका आणि सेल पकडून दुसरीकडे ओढू नका. चुकीच्या ओळीत भरले असेल तर तिथले Delete करा आणि बरोबर ओळीत नव्याने निवडा. व्हॉट्सॲपवरून किंवा दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्टही नको. पेस्ट केल्यावर सेलमधली यादी जाऊ शकते आणि सेलचा रंगही बदलू शकतो, मग पुढच्याला कुठे भरायचे ते कळत नाही. नावे पेस्ट करावीच लागली तर कॉम्प्युटरवर Ctrl+Shift+V वापरा, म्हणजे फक्त मजकूर येतो.

सॉर्ट अजिबात नको. मुलांची नावे अकारविल्हे लावायचा मोह होतो, पण फक्त B रकाना निवडून सॉर्ट केले तर नावे हलतात आणि हजेरी जागेवरच राहते. एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर. बेरीज तशीच, टक्के तसेच, कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या मते या शीटमध्ये होऊ शकणारे हे सगळ्यात वाईट नुकसान. पाचवीची मुले वेगळी बघायची असतील तर Data मधले Create filter view वापरा, त्याने दुसऱ्यांचा पडदा बदलत नाही.

शीट डाउनलोड करून, एक्सेलमध्ये भरून समूहात टाकू नका. तशी फाइल कुणीतरी पुन्हा हाताने उतरवावी लागते. पालकांच्या समूहात स्क्रीनशॉट किंवा लिंकही नको, त्यात सगळ्यांच्या मुलांची नावे आहेत. फोन नंबर तर शेऱ्यातसुद्धा लिहायचे नाहीत.

‘Heads up!’ आले तर

पिवळ्या सेलमध्ये काही टाइप केले की Heads up! अशी पाटी येते. Cancel दाबा. OK दाबलेत तर शीट तुम्हाला अडवणार नाही. ही फक्त सूचना आहे, कुलूप नाही. पूर्ण कुलूप मुद्दाम लावलेले नाही, कारण ताई बाहेरगावी असताना दुरुस्ती करणारा दुसरा कुणी लागतो.

काही बिघडलेच तर

लगेच लक्षात आले तर Ctrl+Z, फोनवर वरचा उलट्या वळणाचा बाण. त्याने फक्त तुमचेच बदल मागे जातात, दुसऱ्यांचे नाही. पण शीट बंद करून परत उघडलीत की ती सोय गेली.

मग स्वतः दुरुस्तीला लागू नका. विशेषतः File मधल्या Version history मध्ये जाऊन Restore दाबू नका. त्याने पूर्ण फाइल जुन्या वेळेवर जाते. तुमचा एक सेल सुधारतो आणि त्यानंतर बाकी तीन केंद्रांनी भरलेली हजेरी नाहीशी होते. तिथे बघायला हरकत नाही. कॉम्प्युटरवर सेलवर राइट क्लिक करून Show edit history उघडलेत तर त्या सेलमध्ये आधी काय होते तेही दिसते.

स्वयंसेवकांच्या समूहात टॅब, सेल, काय झाले आणि साधारण किती वाजता, एवढे कळवा. उदाहरणार्थ: ‘होंडा, Q17, फॉर्म्युल्याच्या जागी 7 टाइप झाले, पाच-सव्वापाचच्या सुमारास.’ नुसते ‘शीट बिघडली’ लिहिलेत तर चारही टॅब तपासावे लागतात. दुरुस्त झाल्याचा निरोप येईपर्यंत त्या टॅबवर काही भरू नका. बाकी केंद्रांनी आपले काम चालू ठेवावे.